खोकं कुणासमोर उघडलं?

धामणगाव रेल्वेत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या सुमाराला वेगळंच गिऱ्हाईक येऊ लागलं आहे. त्याचा टीव्ही बिघडलेला नसतो, तो अजून नीट सुरूच झालेला नसतो. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाचा पहिला वेचा घरात आलेला असतो, मोबाईलवर सेल लागलेला असतो आणि आसपासच्या एखाद्या गावात मोठं खोकं येऊन पडलेलं असतं. खोकं उघडलं, लाईट लावला आणि पडद्याच्या कोपऱ्यात काळी शाई सांडल्यासारखा डाग दिसला, की कुणीतरी मोटरसायकलला किक मारून धामणगावला निघतो.

हा कारागीर धंदा शिकला तो पिक्चर ट्यूबच्या काळात. तेव्हाचा टीव्ही उचलायला दोन माणसं लागत. पण त्याची काच इतकी जाड असे, की बैलगाडीत गवतावर ठेवून खेड्यात नेलेला संचही घरी जाऊन लागत असे. बिघाड व्हायचा तो आतल्या सुट्या भागांत. फ्लायबॅक जळायचा, डाग सुटायचा, पावसाळ्यात ट्यूबचं सॉकेट ओल धरायचं. हे सगळं दुकानात बसून, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गनवर निभावत असे.

सपाट पडदा आला आणि धोक्याची जागा बदलली. आजच्या एलईडी टीव्हीचा पॅनल म्हणजे एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा. प्रत्येकीची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. बाहेर संरक्षक काच नसते, पत्र्याची पातळ चौकट असते तेवढीच. पॉवर सप्लाय गेला, मदरबोर्ड गेला, मागच्या उजेडाच्या पट्ट्या गेल्या तर दुरुस्ती होते आणि खर्चही आवाक्यात असतो. पॅनल फुटला तर नव्या पॅनलची किंमत टीव्हीच्या निम्म्याहून जास्त, पुष्कळदा पाऊण किमतीच्या घरात जाते. म्हणजे टीव्ही गेल्यातच जमा. शिवाय पॅनल फुटणं कंपन्यांच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. त्यामुळे दुकानातून घ्यायचा की ऑनलाइन, हा हिशेब करताना हा कारागीर भावाच्या आधी एक गोष्ट विचारतो: गोदामापासून भिंतीपर्यंतच्या प्रवासात हा पॅनल फुटला, तर तो कुणाच्या खात्यात फुटेल?

तो दोन्ही बाजूंनी हे पाहत आला आहे. गावातल्या दोन-तीन दुकानदारांचे टीव्ही तोच लावून देतो. अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनाही या बाजूच्या एकेका कॉलसाठी गाडी पाठवणं परवडत नाही, म्हणून ऑनलाइन आलेल्या टीव्हींचे बसवणीचे कॉल ते त्याच्याकडे वळवतात. प्रत्येक कॉलमागे ठरलेले पैसे मिळतात. म्हणून त्याला दुकानदाराची बाजू घेण्याची गरज पडत नाही आणि ऑनलाइनवाल्यांना शिव्या घालण्याचीही नाही.

तळेगाव दशासरच्या बाजूच्या एका शेतकरी कुटुंबाचा प्रसंग तो नेहमी सांगतो, कारण त्यात जवळपास सगळ्या गाठी आहेत. त्रेचाळीस इंची टीव्ही होता. धामणगावच्या दुकानात त्याला २६,५०० रुपये सांगितले होते, मोबाईलवर तो सेलमध्ये २३,९९९ला दिसला. अडीच हजार वाचत होते. मुलाने पिनकोड टाकला, ‘डिलिव्हरी उपलब्ध’ असं आलं, पैसे भरले.

टीव्ही आला, पण गावात नाही. गाडीवाल्याने फोन करून फाट्यावर बोलावलं. रस्ता खराब, वेळ संध्याकाळची, त्याच्या छोट्या हत्तीत अजून बरीच खोकी. बापलेक मोटरसायकलवर गेले. मागे बसलेल्याने खोकं उभं, मांडीवर आडवं धरलं आणि ते घरी आले. खोक्याचा एक खालचा कोपरा चेपलेला होता, तो मुलाने पाहिला होता. पण गाडीवाला घाईत होता.

“ओटीपी सांगून देल्ला का?” कारागिराने नंतर विचारलं.

“हो नं भाऊ. तो म्हणे नंबर सांगा, सांगून देल्ला.”

तो नंबर सांगणं म्हणजे माल मिळाल्याची सही. वेगळी पावती नाही, ‘खोकं चेपलेलं’ असा शेरा मारायला जागा नाही. शेरा मारायचा तर एकच मार्ग राहतो: नंबर सांगण्याआधी चेपलेल्या कोपऱ्याचा फोटो, त्यात खोक्यावरचं लेबल आणि जमलं तर मागे उभी असलेली गाडीही दिसेल असा. मुलाने फोटो काढला होता, तो मित्रांना दाखवायला. पुढे तोच कामी आला.

घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. अॅपवर स्पष्ट लिहिलं होतं, की कंपनीचा माणूस येईपर्यंत खोकं उघडू नका. बदलून घेण्याची मुदत दहा दिवसांची. आता ही दोन वाक्यं पुण्यात किंवा नागपुरात एकत्र नांदतात, कारण तिथे माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. इथे पहिली तारीख तीन दिवसांनंतरची मिळाली, मग ती पुढे गेली, मग पुन्हा पुढे गेली. अमरावतीचं सर्व्हिस सेंटर चांदूर रेल्वेवरून पन्नासेक किलोमीटरवर. या बाजूचे तीन-चार कॉल साठल्याशिवाय ते गाडी काढत नाहीत. दहा दिवसांची मुदत मात्र माल हातात पडला त्या दिवसापासून मोजली जाते. खोकं घराच्या कोपऱ्यात बंद उभं आणि मुदत संपत चाललेली.

मुलाने इथे एक गोष्ट फार शहाणपणाची केली, जरी ती वैतागून केली असली तरी. चौथ्या दिवशी त्याने अॅपवरच लेखी तक्रार टाकली, की बसवायला कुणी येत नाही, खोकं बंद आहे, कोपरा चेपलेला आहे. तक्रारीचा क्रमांक आला. फोनवर किती भांडलो याला पुढे कुणी विचारत नाही. तारीख आणि क्रमांक असलेली तक्रार मुदतीच्या आत नोंदली गेली असेल, तर मुदत संपल्याचं कारण सांगणं समोरच्याला जड जातं.

नवव्या दिवशी कॉल धामणगावच्या या कारागिराकडे वळवला गेला. त्याने गेल्यावर आधी खोक्याभोवती फिरून चारही बाजूंचे फोटो काढले. पट्टी आणि सील शाबूत होतं. मग उघडताना मुलाला व्हिडिओ काढायला लावला, मध्ये न थांबवता. आतला थर्माकोल त्याच खालच्या कोपऱ्यात तडकलेला निघाला. टीव्ही बाहेर काढला तेव्हा पडदा बंद असताना काहीच दिसत नव्हतं. घरच्यांना वाटलं, चला, वाचला. त्याने मोबाईलची बॅटरी लावली आणि पडद्यावर तिरपी मारली. कोपऱ्यात केसाएवढी बारीक चकाकणारी रेघ दिसली. लाईट लावल्यावर त्या रेघेभोवती काळा डाग आणि तिथून वर चढलेल्या उभ्या रंगीत रेषा.

फुटलेला पॅनल पाहून तो कशाने फुटला, हे बरंचसं सांगता येतं. एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पसरल्या असतील, तर तिथे काहीतरी टोचलं किंवा आदळलं. घरात मुलाने रिमोट फेकला तरी असंच दिसतं. तडा कोपऱ्यातून किंवा कडेतून निघाला असेल, तर टीव्ही त्या कोपऱ्यावर पडला. मधोमध आडवा-तिडवा तडा असेल आणि कुठेच टोचल्याची खूण नसेल, तर खोकं आडवं झोपवून त्यावर वजन ठेवलं असण्याची शक्यता मोठी. भिंतीवर टांगताना मागे जास्त लांबीचा स्क्रू गेला तर स्क्रूच्या भोकाच्या बरोबर समोर डाग येतो. आणि एकही तडा नसताना नुसत्या उभ्या रेषा किंवा अर्धा पडदा अंधारा असेल, तर तो पॅनलच्या जोडणीचा किंवा उजेडाच्या पट्टीचा दोष आहे. तो वॉरंटीत बसतो, मग कुणी ‘फुटलंय’ म्हणून टाळू पाहिलं तरी. गिऱ्हाइकाने हा फरक ओळखायला शिकावं, असं त्याला वाटतं, कारण फोनवर बोलणाऱ्याला दोन्ही ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’च असतात.

इथे खोक्याचा कोपरा, थर्माकोलचा कोपरा आणि पडद्याचा कोपरा एकच होता. त्याने जॉबशीटवर मराठीत आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: खोके माझ्यासमोर उघडले, सील शाबूत होते, उघडतानाच पॅनल फुटलेला आढळला. खाली मॉडेल, सिरियल नंबर, तारीख, वेळ. सिरियल नंबर टीव्हीच्या पाठीवरचा आणि खोक्यावरचा एकच आहे, हेही नोंदवलं. हा कागद नसता, तर पुढचं काहीच झालं नसतं असं त्याला वाटतं.

पुढे व्हायचं तेच झालं. कंपनी म्हणाली, आमच्याकडून बिघाड नाही, हे बाहेरून झालेलं नुकसान, विक्रेत्याला विचारा. अॅपवाल्यांनी आधी उत्तर दिलं, की माल व्यवस्थित पोचवल्याची नोंद आहे, ओटीपी दिलेला आहे. दोघांचंही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर होतं आणि मधल्या खड्ड्यात टीव्ही पडलेला होता. घरचा म्हातारा संतापून म्हणाला, “कंपनी म्हणते आमचं नाई, मोबाईलवाले म्हणतात आमचं नाई. मंग टीवी काय माह्या म्हशीनं फोडला?”

एक प्रश्न मात्र कारागिराने त्यांना खाजगीत विचारला होता. फाट्यावरून येताना खोकं कुठे टेकलं होतं का? मुलगा नाही म्हणाला. फाट्यावरचा फोटो पाहिल्यावर कारागिराचा विश्वास बसला, कारण चेपलेला कोपरा तिथेच, गाडीशेजारीच दिसत होता. हा फोटो नसता तर मोटरसायकलवरचा तो प्रवासच त्यांच्या अंगावर आला असता. तेव्हापासून तो सगळ्यांना बजावतो, की गाडी दारात येत नसेल तर माल घेऊ नका, किंवा धामणगावातल्या नातेवाइकाचा पत्ता द्या. त्रेचाळीस इंची खोकं मोटरसायकलवर नेणं म्हणजे दुसऱ्याची जोखीम फुकटात आपल्या मांडीवर घेणं आहे.

कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे, फक्त तो आपण होऊन दारात येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, आणि त्याखालचे ई-कॉमर्सचे नियम जुलै २०२०चे. सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं हे नियम सांगतात. प्रत्येक प्लॅटफॉर्मने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. मुलाने ग्राहक सेवेच्या नेहमीच्या नंबरवर बोलणं थांबवलं, त्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर जॉबशीट, फोटो, व्हिडिओ आणि चौथ्या दिवशीचा तक्रार क्रमांक पाठवला, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. तोही मार्ग खुंटला असता तर अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. कंपनीचं कार्यालय बंगळुरूत असो की गुरुग्रामला, नव्या कायद्यात ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी लागत नाही. ती वेळ आली नाही. पैसे परत आले.

परत आले, पण त्याआधी शेवटचा एक अडथळा होता. टीव्ही न्यायला येणारा माणूस मूळ खोकं आणि थर्माकोल मागतो. या घरात ते होतं, कारण कारागिराने फेकू दिलं नव्हतं. दुसऱ्या एका घरात खोक्यात कोंबडी बसवली होती आणि थर्माकोल पोरांनी शाळेच्या किल्ल्याला नेला होता. बदलून घेण्याची मुदत संपेपर्यंत तरी माळ्यावर जागा करा, असं तो आता टीव्ही लावून निघताना आठवणीने सांगतो.

या गोष्टीवरून दुकानाची आरती ओवाळायची, तर तेही त्याला पटत नाही. दुकानदाराला माल नागपूर किंवा अमरावतीच्या वितरकाकडून ट्रान्सपोर्टने येतो. तो पण फुटतो. चांगला दुकानदार बिल्टीवर सही करण्याआधी खोकी तपासतो, चेपलेल्या खोक्याचा शेरा लिहितो, आणि गिऱ्हाइकाला देताना टीव्ही दुकानातच लावून दाखवतो. फुटलेला निघाला तर ते भांडण त्याचं आणि वितरकाचं. गिऱ्हाईक दुसरा पीस घेऊन घरी जातं. दुकानातल्या त्या वरच्या दोन-अडीच हजारांत हे भांडण विकत घेतलेलं असतं. पण मग ते खरंच मिळतंय का, हे पाहायला नको का? लावून न दाखवता बंद खोकं हातात देणारा आणि ‘घरी गेल्यावर पाहा, काही झालं तर सांगा’ म्हणणारा दुकानदार गिऱ्हाइकाला ऑनलाइनपेक्षा वाईट जागी उभं करतो. तिथे दहा दिवसांची मुदतही नसते आणि नोंदलेली तक्रारही नसते.

दुकानाची दुसरी दुखरी जागा म्हणजे बिल. ‘कच्च्या बिलावर घ्या, हजार कमी करतो’ ही भाषा अजून कानावर येते. २२ सप्टेंबर २०२५पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, तरी ती पूर्ण गेलेली नाही. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल नसेल, तर अमरावतीचा माणूस दारात येऊनही हात हलवत परत जातो. एका गिऱ्हाइकाचा टीव्ही आठ महिन्यांत बंद पडला होता. बोर्ड वॉरंटीत मिळाला असता, पण हातात होती पानाएवढी चिठ्ठी, तिच्यावर ‘टीवी १ नग’. कारागिराने बोर्ड नागपूरच्या सीताबर्डीतून आणून घातला आणि गिऱ्हाइकाने पदरचे पैसे मोजले. शिवाय पाठीवरच्या लेबलवर टीव्ही कोणत्या महिन्यात बनला, ते लिहिलेलं असतं. दुकानात महिनोन्महिने दिवसभर चालू ठेवलेला नमुन्याचा पीस पुसून नव्या भावात दिला जातो, तेव्हा ते लेबल वाचणारा सहसा कुणी नसतो.

आणि सर्व्हिस? त्याबाबतीत दोन्हीकडचं गिऱ्हाईक शेवटी एकाच रांगेत उभं राहतं. धामणगावच्या दुकानातून घेतलेल्या टीव्हीलाही कंपनीचा माणूस अमरावतीहून किंवा नागपूरहूनच येतो. फरक इतकाच, की दुकानदार महिन्याला दहा-वीस टीव्ही विकतो, त्याच्या फोनला सर्व्हिस सेंटर जरा लवकर उत्तर देतं. वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरात पुष्कळदा लिहिलेलं असतं, की सर्व्हिस सेंटरच्या शहराच्या हद्दीबाहेर येण्याजाण्याचा खर्च ग्राहकाचा. लहान टीव्ही असेल तर काही कंपन्या तो सेंटरवर आणून द्यायला सांगतात. हे दुकानात कुणी वाचून दाखवत नाही आणि मोबाईलवर तिथपर्यंत कुणाचं बोट जात नाही.

म्हणून तो घेणाऱ्याला एक साधी परीक्षा सांगतो. पैसे भरायच्या आधी त्या कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करा. टीव्ही घ्यायचाय असं सांगू नका. घेतलाय, बंद पडलाय, पिनकोड ४४४७०९, माणूस कुठून येईल, असं विचारा. समोरचा अमरावतीच्या सेंटरचं नाव आणि नंबर देतो का? त्या नंबरवर लावल्यावर माणूस उचलतो का? काही नव्या, फक्त ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत इथेच उत्तर मिळतं, ‘तुमच्या भागात सध्या सेवा उपलब्ध नाही’. डिलिव्हरी त्याच पिनकोडला होत असते, हे विशेष. माल पोचवणारं जाळं वेगळं आणि दुरुस्त करणारं वेगळं. पहिलं खेड्याच्या फाट्यापर्यंत आलं, दुसरं अजून जिल्ह्याच्या गावाला थांबलेलं आहे.

दुसऱ्या वर्षी हे जास्त जाणवतं. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस येतो, वीज कडाडते आणि त्याच्या दुकानात एकाच आठवड्यात मेलेल्या टीव्हींची गर्दी होते. लोक प्लग काढतात, डिशची वायर मात्र तशीच राहते. छतावरच्या छत्रीतून आलेला झटका सेटटॉप बॉक्समधून एचडीएमआयच्या वायरीने थेट मदरबोर्डात शिरतो. विजेने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, म्हणजे टीव्ही कुठून घेतला याला इथे काही अर्थ उरत नाही. उरतो एकच प्रश्न, की त्या मॉडेलचा बोर्ड बाजारात मिळतो का. जुन्या, जम बसलेल्या कंपन्यांचे बोर्ड नागपुरात नवे किंवा काढलेले मिळून जातात. ज्यांनी दर सेलला नवं मॉडेल काढलं, त्यांचा बोर्ड शोधताना त्याचे दिवस जातात आणि कधीकधी धड पॅनल असलेला टीव्हीही भंगारात काढावा लागतो.

या सगळ्यातून त्याचा स्वतःचा एक ढोबळ हिशेब बसला आहे. बत्तीस इंची टीव्ही ऑनलाइन घ्यायला त्याची ना नाही. वजन चार-पाच किलो, खोकं एका माणसाला धरता येतं, बिघडला तर रेल्वेने बडनेरा गाठून अमरावतीला नेताही येतो. त्रेचाळीसला तो म्हणतो, उघडून दाखवण्याची सोय त्या पिनकोडला असेल तरच, आणि तीही गावातल्या पक्क्या पत्त्यावर. उघडून दाखवताना टीव्ही सहसा चालू करून दाखवत नाहीत, म्हणून ओटीपी सांगण्याआधी बॅटरी तिरपी मारून चारही कोपरे बघायचे. पंचावन्न आणि त्यापुढे भावातला फरक फार मोठा नसेल, तर दुकान; मात्र लावून दाखवणारं आणि पक्कं बिल देणारं.

तळेगावच्या त्या कुटुंबाने पैसे परत आल्यावर पुन्हा ऑनलाइनच टीव्ही घेतला, या खेपेला धामणगावच्या आत्याच्या पत्त्यावर. खोकं ओसरीत उघडलं, मुलाने बॅटरी मारली, गाडीवाला कुरकुरत थांबला. तिथून गावापर्यंत तो नेला ओळखीच्या ऑटोने, मागच्या सीटवर उभा, दोन्ही बाजूंनी गादी लावून. वाचलेल्या अडीच हजारांतले तीनशे ऑटोला गेले आणि बसवणीचे काही कारागिराला.

सध्या त्याच्याकडे एका शिक्षकाची विचारणा आहे. पासष्ट इंची घ्यायचाय, ऑनलाइन आणि दुकान यांच्यात सहा हजारांचा फरक आहे. त्याने आधी तो टोल-फ्री फोन करायला सांगितला. उत्तर आलं नागपूरचं. गुरुजी आता दुकानदाराला विचारून आले आहेत, की बिघडला तर नागपूरच्या माणसाच्या फेरीचे पैसे कोण देणार, आणि ते बिलावर लिहून देता का. दुकानदाराने दोन दिवस मागितले आहेत.